आप्पांचा अपूर्णांक

माझे वडील कुंडलिक शेलार महापालिकेच्या निवडणुकीला पाच वेळा उभे राहिले आणि पाचही वेळा पडले. त्यातल्या तीन वेळा दुसऱ्या क्रमांकावर. आमच्या मानपाड्याच्या चाळवजा सोसायटीत लोक त्यांना अजून 'नगरसेवक' म्हणून हाक मारतात. त्यात प्रेम किती आणि चेष्टा किती, हे मी आजवर विचारलेलं नाही. आप्पा 'ओ' देतात, एवढं खरं.

मूळचे ते पाटण तालुक्यातले. दहावीनंतर डोंबिवलीत आले, मामाच्या ओळखीने एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. मधल्या काळात एक लग्न, एक मुलगी आणि एक पक्ष, एवढंच त्यांनी केलं. लग्न आणि मुलगी आईच्या वाट्याला आली. पक्ष त्यांनी स्वतः सांभाळला. आमचा पक्ष म्हणजे कुणाच्या फारसा डोळ्यांत न येणारा. मोर्चा काढला की पुढे बॅनर, मागे शंभर माणसं, आणि त्या शंभरातली वीस आमच्या ओळखीची.

आप्पांचा एक हट्ट होता, आणि आमच्या घरातल्या सगळ्या भांडणांचं मूळ तिथेच होतं. शहर सचिव म्हणून प्रचाराचं वाटप त्यांच्याकडे असे. झेंडे, पत्रकं, माणसं, रिक्षा, सगळं ते सगळ्या प्रभागांत सारखं वाटायचे. बरोब्बर सारखं. एखाद्या प्रभागात आपला जोर असो वा नसो, वीस कार्यकर्ते म्हणजे वीस. "आपल्या पक्षात एक जण उपाशी आणि एक जण तुडुंब असं व्हायचं नाही," असं ते म्हणायचे. ऐकायला किती छान वाटतं! मी ठाण्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर दोन पद्धती मांडते, आणि दरवर्षी मला माझे वडील त्या फळ्यावर उभे दिसतात.

पहिली पद्धत आपली. एका जागेसाठी उभे राहिलेल्यांत ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो. त्याला निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत असं काही नाही, दुसऱ्यापेक्षा एक जास्त पुरतं. बाकीच्यांची मतं त्या दिवशी तिथेच संपतात. दुसरी पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची. शंभरातली चौदा मतं मिळाली, तर शंभरातल्या साधारण चौदा जागा. पहिल्या पद्धतीत मतं कुठे पडली याला महत्त्व असतं, दुसरीत किती पडली याला. पहिल्या पद्धतीत सगळीकडे थोडी थोडी मतं असणारा मरतो. आमचे आप्पा तीस वर्षं तेच करत होते, सगळीकडे थोडं थोडं.

"आप्पा, एका ठिकाणी माणसं गोळा करा ना. चार ठिकाणी जिंकाल," मी म्हणायचे.

"आणि बाकीच्या ठिकाणची माणसं काय बघत बसतील?"

"जिंकल्यावर त्यांचं काम कराल."

"अगं, हे वर्गात शिकव," असं म्हणून ते चपला घालून बाहेर पडायचे. पुढच्या मोर्च्याची परवानगी आणायला.

मधली काही वर्षं महापालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकाने कारभार चालवला. आप्पांची एकसष्टी त्यातच उरकली. मग निवडणूक लागली, तीही नव्या पद्धतीने. पूर्वी एका प्रभागात एक नगरसेवक असायचा. आता बहुतेक ठिकाणी चार, अ, ब, क, ड. मतदाराने चार वेळा बटण दाबायचं. लोकांना वाटलं, आता काहीतरी प्रमाणात मिळेल. तसं काही नव्हतं. चारही जागा वेगवेगळ्या, प्रत्येक जागेवर पुन्हा तोच हिशेब, सर्वांत जास्त ज्याला, तो आत. आप्पा 'ड'मध्ये उभे राहिले.

समोर महिपत म्हात्रे अपक्ष होता. हा इथला मूळचा माणूस. बापजाद्यांची शेती आणि मिठागरं होती. आता त्याच जागेवर टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या खालच्या गाळ्यांचं भाडं महिपतच्या घरी येतं. पण माणूस गुर्मीतला नाही. गावातल्या लग्नात स्वतः वाढायला उभा राहणारा. आप्पांशी त्याचं एकाच गोष्टीवरून वाकडं होतं. पाण्याच्या टाकीमागचं मैदान. विकास आराखड्यात ते खेळाचं मैदान म्हणून राखलेलं आहे. आप्पांनी त्याच्यासाठी समिती नोंदवली, सतरा वर्षं तिचे सरचिटणीस राहिले, आणि पाच वेळा त्यावर बांधकाम होऊ दिलं नाही. महिपतच्या भावकीची जमीन मैदानाला लागून आहे. आरक्षण बदललं, मैदानावर बाजार संकुल झालं, तर पुढचा रस्ता त्यांच्या दारातून जाणार. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, महिपतनेही कधी लपवलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी मी आप्पांबरोबर टेबलापाशी होते, त्यांची मोजणी प्रतिनिधी म्हणून. प्रत्येक फेरीला आप्पा कधी पुढे, कधी मागे. शेवटच्या फेरीला अधिकाऱ्यांनी आकडे वाचले. महिपत म्हात्रे पाच हजार नऊशे बारा. कुंडलिक शेलार पाच हजार आठशे एकाहत्तर. त्यामागोमाग पालिकेतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा उमेदवार पाच हजार पाचशे चाळीस, आणि बाकीची मतं इतरांत आणि 'नोटा'च्या बटणावर विखुरलेली. एकूण बावीस हजार दोनशे. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ त्र्याहत्तर जणांनी महिपतला मत दिलं नव्हतं. तरी महिपतच निवडून आला होता, आणि अगदी नियमाने. एक्केचाळीस मतं.

आप्पांनी फेरमोजणी मागितली. आकडा तोच राहिला. मग त्यांनी महिपतजवळ जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि "चांगलं काम करा" म्हणाले. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन पाण्याची बाटली विकत घेतली आणि तशीच हातात धरून उभी राहिले.

संध्याकाळी सगळ्या शहराचे आकडे आले. मी वही घेऊन बसले, सवय आहे. एकशे बावीस जागा. सर्वांत मोठ्या पक्षाला मतं तेहेतीस टक्के, जागा अठ्ठावन्न. दुसऱ्याला अठ्ठावीस टक्के, छत्तीस जागा. तिसरा पक्ष गावठाणांत एकवटलेला, त्याला फक्त नऊ टक्के मतं, पण जागा सतरा. आणि आम्ही? चौदा टक्के मतं, जागा सहा. उरलेले पाच अपक्ष. नऊ टक्केवाल्यांपेक्षा आम्हाला पाच टक्के मतं जास्त आणि अकरा जागा कमी. प्रमाणात मोजलं असतं तर आमच्या सतरा झाल्या असत्या. मी आप्पांना दाखवलं.

"आपल्या सहा कुठून आल्या ते बघ," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आईचं नाव शालू. राजकारणावर ती वर्षातून दोनदा बोलते आणि दोन्ही वेळा खरं बोलते.

त्या सहा जागा दोन प्रभागांतल्या होत्या. तिथे आप्पांचं सारखं वाटप कुणी पाळलंच नव्हतं. कल्पिता पाटील नावाची तिशीतली मुलगी, आप्पांनीच पक्षात आणलेली, तिने शेजारच्या प्रभागांतली माणसं गुपचूप आपल्याकडे ओढली होती. आप्पांना ते आधीच कळलं होतं आणि ते तिच्यावर ओरडलेही होते. आता निवडून आलेल्या सहांतली एक होऊन ती पेढे घेऊन आली.

"आप्पा, सॉरी. पण मी तुमचं ऐकत बसलो असतो, तर आज सहाचे शून्य झाले असते," ती म्हणाली. कल्पिता बोलताना स्वतःला मुलगा म्हणूनच बोलते, लहानपणापासून.

आप्पांनी पेढा घेतला. तोंडात मात्र टाकला नाही, बराच वेळ हातात धरून बसले.

इथवर जे झालं ते आमच्या घरात पाचव्यांदा झालं होतं. त्याची सवय होती. खरा घोळ पुढे झाला आणि तो मी घातला.

महापालिकेच्या कायद्यात एक मागचं दार आहे. निवडून आलेल्यांखेरीज काही 'स्वीकृत सदस्य' घेतले जातात, आमच्याकडे दहा. आणि या दहा जागा प्रमाणशीर पद्धतीने वाटतात. तौलनिक संख्याबळ म्हणतात त्याला. मी वर्गात नुसतं सांगते, पण त्या रात्री पहिल्यांदा खऱ्या आकड्यांवर करून पाहिलं. एकशे बावीसला दहाने भागायचं, बारा पूर्णांक दोन. मग प्रत्येक पक्षाच्या नगरसेवकांना या आकड्याने भागायचं. मोठा पक्ष ४.७५४, दुसरा २.९५१, तिसरा १.३९३, आम्ही ०.४९२. आधी पूर्ण आकड्याच्या जागा द्यायच्या. चार, दोन, एक, आणि आम्हाला शून्य. सात संपल्या. उरल्या तीन. त्या ज्यांचा अपूर्णांक मोठा, त्यांना एक एक. दुसऱ्या पक्षाला, मोठ्या पक्षाला, आणि तिसरी आम्हाला! आमचा ०.४९२ तिसऱ्या पक्षाच्या ०.३९३ पेक्षा मोठा होता.

मी खुर्चीतून उठलेच. शहरातल्या चौदा टक्के लोकांच्या पदरात काहीतरी पडणार होतं. आणि ती एक जागा कुणाची, यावर पक्षात दुमत होण्याचं कारण नव्हतं. स्वीकृत सदस्य कुठल्या तरी क्षेत्रातला जाणता लागतो, नोंदलेल्या संस्थेचा पदाधिकारी असला तरी चालतो. आप्पा सतरा वर्षं मैदान समितीचे सरचिटणीस.

"मतांनी नाही गेलो तर असं मागनं जायचं?" आप्पा म्हणाले.

"मागनं काय? ही जागा प्रमाणातली आहे. पुढच्या दारापेक्षा हेच न्यायाचं आहे," मी म्हणाले. अगदी वर्गातल्या आवाजात.

दोन दिवस घरात आप्पा नगरसेवक झाल्यासारखं वातावरण होतं. आईने त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला. तिसऱ्या दिवशी कल्पिताचा फोन आला. तिसऱ्या पक्षाने दोन अपक्षांना आपल्या गटात घेतलं होतं. सतराचे एकोणीस झाले. मी वही उघडली. एकोणीस भागिले बारा पूर्णांक दोन, १.५५७. त्यांचा अपूर्णांक ०.५५७ झाला, आमच्या ०.४९२ च्या पुढे. जागा गेली.

"आपण पण एक अपक्ष घेऊ ना," कल्पिता फोनवर म्हणाली. "सातचे किती होतात, ताई?"

मी भागाकार केला. ०.५७४. एका अपक्षाने आम्ही पुन्हा पुढे जात होतो.

उरले होते तीन अपक्ष. दोघांनी कुणाच्याच गटात जाणार नाही असं स्वच्छ सांगितलं. तिसरा महिपत म्हात्रे.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताटातली भाकरी तशीच मोडून ठेवली. एक्केचाळीस मतांनी ज्याने पाडलं, त्याच्याच डोक्यावर पाय ठेवून आत जायचं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, डोक्यावर पाय नाही, त्याचा फक्त आकडा घ्यायचा. मला आज त्या वाक्याची लाज वाटते.

आम्ही तिघे महिपतकडे गेलो, आप्पा, कल्पिता आणि मी. त्याने ओट्यावरच खुर्च्या टाकल्या.

"ये रं कुंडलिक. च्या टाक गं," असं आत सांगून तो माझ्याकडे वळला. "तू ती मास्तरीन ना? तुजा हिशेब मना ठाव हाय. मोठ्या पक्षाचं लोकपन येऊन गेलं."

"मग काय म्हणालास त्यांना?" आप्पांनी विचारलं.

"त्यांच्याकडं गेलो तर मी अठ्ठावनातला एकोनसाठावा. तुज्याकडं आलो तर सातातला एक. मना सातातला एक व्हायला आवडंल," महिपत म्हणाला. "पन एक. गटाचा नेता मी."

कल्पिता पटकन म्हणाली, "सहा आमचे, एक तुम्ही. नेता तुम्ही कसे?"

"तुमच्या सहाला माज्याबिगर खुर्ची नाय ना मिलत, म्हनून."

मला त्याचं म्हणणं लगेच पटलं, हेच सगळ्यांत वाईट. प्रमाणशीर पद्धतीबद्दल पुस्तकात एक धोका लिहिलेला असतो. कुणाला पूर्ण बहुमत नसलं की लहानात लहान गटाला मोठी किंमत येते, आणि ती किंमत मतदानानंतर ठरते, मतदाराला न विचारता. मी तो मुद्दा दरवर्षी चार गुणांचा म्हणून लिहून देते.

"मैदानाचं काय?" आप्पांनी विचारलं. सरळ, डोळ्यांत बघून.

"त्ये मी तुला खोटं नाय सांगनार. विषय आला तर मी बदलाच्या बाजूनं. माजी भावकी हाय तिथं." महिपतने चहाचा कप पुढे केला. "तू पन आत असशील ना. बोल तू. तुला कोन अडवतंय?"

परत येताना रिक्षात मी आप्पांना सगळं सांगितलं. निवडणुकीनंतर महिन्याच्या आत असा गट बेलापूरला विभागीय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. एकदा नोंदला की तो एका पक्षासारखा धरतात. गटनेत्याने पक्षादेश काढला की तो सातही जणांना लागू. मोडला तर नगरसेवकपद जातं. ही गाठ पाच वर्षं सुटत नाही. आणि स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येतं, पण मत देता येत नाही. मी काहीच लपवलं नाही. लपवलं असतं तर आज स्वतःला शिव्या देणं सोपं गेलं असतं.

"म्हणजे मी आत आणि माझी सहा माणसं त्याच्या हातात," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पण तुम्ही आत असाल!" कल्पिता म्हणाली. तिचे डोळे भरलेले. "तुम्ही तीस वर्षं लोकांना आत पाठवलंत. आम्हाला सभेत कसं उभं राहायचं ते पण माहीत नाही. तुम्ही नसलात तर आम्ही सहा काय करणार?"

पक्षाची बैठक झाली. सगळ्यांना आप्पा आत हवे होते, आणि ते खरंच प्रेमाने. कुणी म्हणालं, मैदानाचा विषय येईलच असं नाही. कुणी म्हणालं, महिपतला समजावू. कुणी टाळ्या वाजवल्या. आप्पा शेवटी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." सारखं वाटप करणाऱ्या माणसाला स्वतःच्या वाट्याला एवढं आलेलं नको म्हणता आलं नाही. मी खोलीच्या कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवल्या.

बेलापूरला सातही जणांनी सह्या केल्या. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत दहा नावं जाहीर झाली, त्यात सातवं नाव कुंडलिक रामचंद्र शेलार. आई सभागृहात यायला तयार नव्हती, तरी आली. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. लोकांनी फेटा बांधला. सोसायटीत आता 'नगरसेवक' म्हणताना कुणी हसत नव्हतं. मलाच ते ऐकवत नव्हतं, का ते कुणाला सांगता येईना.

चार महिन्यांनी मैदानाचा विषय कार्यपत्रिकेवर आला. खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलून बाजार संकुल आणि वाहनतळ करावा, असा प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. मोठ्या पक्षाचे अठ्ठावन्न बाजूने. दुसरा पक्ष, तिसऱ्याचा एकोणिसांचा गट आणि कुणाच्याच गटात न गेलेले ते दोन अपक्ष विरोधात, म्हणजे सत्तावन्न. सगळं आमच्या सातांवर येऊन थांबलं.

आदल्या दिवशी महिपतने पक्षादेश काढला. बाजूने मतदान करावे. छापील कागद, खाली सही, सहा जणांना घरपोच आणि पोच घेतलेली. नियमाला धरून.

कल्पिता संध्याकाळी आमच्या घरी आली आणि दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"आप्पा, मी विरोधात हात वर करतो. जाऊ दे पद."

"आणि बाकीचे पाच?"

बाकीचे पाच तयार नव्हते. एकाने कर्ज काढून निवडणूक लढवलेली, एकीचा नवरा नुकताच गेलेला. आणि एकट्या कल्पिताने काही बदलणार नव्हतं, चौसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न झालं असतं. हा हिशेबही मीच तिला सांगितला. माझ्या तोंडात त्या वर्षी हिशेबाशिवाय काही नव्हतं.

"तू पद घालवू नकोस," आप्पा म्हणाले. "तुझ्या प्रभागातली माणसं काय बघत बसतील?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. आप्पा पावणेबाराला उठले आणि अर्धा तास बोलले. मी त्यांना इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मैदानाचा सर्व्हे नंबर, आजूबाजूच्या आठ शाळा आणि त्यांपैकी एकीलाही नसलेलं मैदान, शनिवारी खेळायला येणाऱ्या पोरांची संख्या, सगळं तोंडपाठ. मोठ्या पक्षाचे लोकही मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. महिपतसुद्धा. बोलून झाल्यावर विरोधी बाकांवरून बाकं वाजली.

मग महापौरांनी विषय मतास टाकला. "प्रस्तावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

अठ्ठावन्न हात वर झाले. महिपतचा झाला. मग आमच्या बाकावर एक एक करत पाच झाले. कल्पिताने मान खाली घातली आणि सहावा हात वर केला. पालिकेच्या सचिवांनी रांगेतून फिरून मोजले. "पासष्ट."

"विरोधात असलेल्यांनी."

सत्तावन्न हात. आणि आमच्या बाकाच्या टोकाला आणखी एक. आप्पांचा. सरळ, खांद्यातून वर. सचिव मोजत तिथवर आले, थांबले, आणि फार हळू म्हणाले, "शेलारसाहेब, स्वीकृत सदस्यांना मतदान नाही. हात खाली घ्या."

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले. हात तसाच.

"मला आकडा लिहिता येत नाही, साहेब."

सगळं सभागृह बघत होतं. आप्पांनी हात खाली घेतला. सचिवांनी लिहिलं, सत्तावन्न. प्रस्ताव मंजूर.

बाहेर जिन्यात मला ते भेटले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "आप्पा, हे शेवटचं नाही. शासन मंजूर करायच्या आधी हरकती-सूचना मागवतात. आपण..."

"ते सहा वेगळे राहिले असते तर?"

मला आकडा माहीत होता. बाजूने एकोणसाठ, विरोधात त्रेसष्ट. मैदान वाचलं असतं. आम्ही फक्त सहाच राहिलो असतो, एकही खुर्ची न मागता, तरी वाचलं असतं.

"मोजलं नाही मी," मी म्हणाले.

"मोजलंयस तू." ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "मी आज राजीनामा दिला, तर ती पोरं सुटतील का?"

"नाही. गट राहतोच. पाच वर्षं."

"आणि माझी जागा?"

"संख्याबळ तेच राहतं. त्याच गटातून दुसरं नाव जाईल."

"नाव कोण देईल?"

"गटनेता."

आप्पांनी मान हलवली. खालून कल्पिता वर येत होती, रडून डोळे सुजलेले. त्यांनी तिला पाठीवर हात ठेवून पुढे घातलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "जेवणाच्या सुट्टीनंतर किती वाजता बसायचंय आत?"

"अडीचला," मी म्हणाले.